रोड सायकलिंगमधील गिअर आणि कॅडेन्स

पेडलची एक फेरी पूर्ण झाल्यावर सायकल किती अंतर पुढे जाते हे गिअर ठरवतो, आणि मिनिटाला पेडलच्या अशा किती फेऱ्या होतात त्या संख्येस कॅडेन्स म्हणतात. या दोहोंच्या गुणाकारातून वेग मिळतो. नवख्या सायकलस्वाराचा नेहमीचा समज असा असतो की हलका गिअर टाकल्याने श्रम कमी होतात. वस्तुतः ठरावीक वेगाने ठरावीक चढ चढण्यासाठी लागणारी शक्ती गिअर बदलल्याने कमी होत नाही. ती मोजक्या जोरकस फेऱ्यांतून द्यायची की पुष्कळशा हलक्या फेऱ्यांतून, एवढेच आपल्या हाती असते.

उदाहरणादाखल पुढे पेडलपाशी ५० व ३४ दात्यांच्या दोन चेनरिंग, म्हणजे दातेरी चकत्या, आणि मागच्या चाकाला ११ ते ३२ दात्यांच्या आठ चकत्यांचा संच, म्हणजे कॅसेट, असलेली सायकल घेऊ. तिच्या चाकाचा परीघ सुमारे २.१ मीटर असतो. सपाट रस्त्यावर ५०–१५ या, म्हणजे पुढे ५० व मागे १५ दात्यांच्या, जोडीत पेडलच्या एका फेरीला सायकल ७ मीटर जाते, त्यामुळे ताशी २५ किलोमीटरसाठी मिनिटाला ६० फेऱ्या पुरतात. ५०–२१ मध्ये ती ५ मीटर जाते आणि त्याच वेगासाठी सुमारे ८४ फेऱ्या लागतात. दोन्ही वेळा शक्ती साधारण १०० वॉटच्या आसपास लागते. पहिल्या जोडीत श्वास शांत राहतो, म्हणून नवख्याला ती सोपी वाटते. परंतु प्रत्येक फेरीत मांडीच्या स्नायूंवर जास्त ताण येतो आणि तासाभराने पाय जड पडतात. दुसऱ्या जोडीत हा भार काही अंशी हृदय व फुप्फुसांकडे जातो. अर्थात कॅडेन्स वाढवत नेणे हाही उपाय नव्हे, कारण पाय नुसते फिरवण्यातही ऊर्जा खर्च होते. सपाटीवर मिनिटाला ८० ते ९० फेऱ्या हा सवयीने जमणारा मध्यम पल्ला होय. समोरून जोराचा वारा असेल, तर सपाट रस्त्यालाही चढ समजून गिअर उतरवावा.

चढावर हिशेब बदलतो. सपाटीवर वेगामुळे सायकल स्वतःच पुढे सरकत असते आणि पेडल वर-खाली असतानाचा कमजोर क्षण सहज निघून जातो. घाटात मात्र जोर थांबताच वेग मंदावतो, त्यामुळे हा क्षणही पायांना जाणवतो. सायकलसह ८० किलो वजन ६ टक्के चढावर ताशी १० किलोमीटरने नेण्यास अंदाजे १५० वॉट लागतात. ३४–३२ मध्ये यासाठी मिनिटाला सुमारे ७५ फेऱ्या होतात आणि पेडलवर सरासरी ११ ते १२ किलो वजनाइतका जोर पडतो. तोच वेग ३४–१८ मध्ये राखायचा, तर फेऱ्या ४२ वर येतात, पण जोर सुमारे २० किलोंवर जातो. पाच किलोमीटरच्या, म्हणजे अर्ध्या तासाच्या, घाटात फेऱ्यांमधला फरक जवळपास हजाराचा असला, तरी पाय आधी थकतात ते दुसऱ्या प्रकारात. घाटात मिनिटाला ६५ ते ७५ फेऱ्या राहिल्या तरी पुरे. सपाटीवरचा कॅडेन्स चढावर टिकवण्याचा हट्ट नको.

गिअर उशिरा बदलणे ही नवख्यांची सर्वांत महागात पडणारी चूक आहे. चढ सुरू होऊन पेडल अडकल्यासारखे वाटू लागल्यावर पुढची चेनरिंग बदलणारा डावा लिव्हर दाबला, तर ताणलेली चेन करकरते, कधी लहान चेनरिंगच्याही आत निसटते, आणि सायकल तिथेच थांबते. म्हणून पुढची चेनरिंग चढाच्या आधी, वेग असतानाच बदलावी आणि त्या एका फेरीपुरता पायांचा जोर सैल सोडावा. ५०–२४ वरून थेट ३४–२४ वर आल्यास, वेग तोच असताना, ७० चा कॅडेन्स एकदम १०३ होतो आणि पाय हवेत फिरल्यासारखे वाटतात. त्याच वेळी मागे एक चकती लहान, म्हणजे २१ ची, घेतल्यास तो ९० च्या आसपास राहतो. पुढे चढ वाढेल तसा मागचा गिअर एकेक चकतीने हलका करत जावा.

कॅडेन्स मोजायला यंत्र लागतेच असे नाही: उजवा गुडघा १५ सेकंदांत किती वेळा वर येतो ते मोजून चारने गुणावे. मांड्या जळजळत असूनही श्वास फारसा लागलेला नसेल, किंवा गुडघ्याच्या पुढच्या भागात दुखू लागले असेल, तर गिअर जड आहे असे समजावे. उलट, पाय वेगाने फिरताना शरीर सीटवर उसळत असेल, तर तो गरजेपेक्षा हलका आहे.

हलक्या गिअरलाही मर्यादा आहे. वरील सायकलचा सर्वांत हलका गिअर ३४–३२. १२ टक्क्यांच्या वळणावर त्यात मिनिटाला ६० फेऱ्या राखायच्या, तर वेग ताशी ८ किलोमीटर आणि शक्ती २२० वॉटच्या घरात जाते, जी बहुतेक नवख्यांना फार वेळ पेलत नाही. तेथे कॅडेन्स घसरणारच. मग थोडा वेळ उभे राहून शरीराचे वजन पेडलवर टाकावे लागते, किंवा आणखी मोठ्या चकतीची कॅसेट बसवावी लागते, तीही चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा मागचा डिरेलर तेवढे दाते पेलत असेल तरच.