अकोल्याचा मे, चाळीस अंशांची खोली आणि कॉम्प्युटरचं खोकं

आमच्याकडे नुसतं ‘कूलर’ म्हटलं की डोळ्यासमोर खिडकीत बसवलेला, लाकडी गवताच्या ताट्या लावलेला पत्र्याचा डबा येतो. प्रोसेसरवर बसणाऱ्या कूलरचा त्याच्याशी नावापुरताच संबंध. खिडकीतला कूलर पाण्याची वाफ करून हवा खरोखर थंड करतो. प्रोसेसरवरचा कूलर काहीच थंड करत नाही. तो फक्त प्रोसेसरची उष्णता उचलून आजूबाजूच्या हवेत टाकतो. त्यामुळे खोली चाळीस अंशांवर असेल तर जगातला सर्वात महागडा कूलरही प्रोसेसरला चाळिसाच्या खाली आणू शकत नाही. हिशोब सगळा चाळिसाच्या वर किती, एवढाच असतो.

माझ्या मावसभावाचा अकोल्यात फोटो स्टुडिओ आहे. दुसरा मजला, वर थेट स्लॅब. लग्नसराई एप्रिल-मेमध्ये, म्हणजे व्हिडिओ एडिटिंगचं सगळ्यात जास्त काम नेमकं सगळ्यात वाईट उन्हाळ्यात. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात त्याचा फोन आला: “दादा, जानेवारीत चाळीस मिनिटांत होणारं रेंडर आता पन्नास मिनिटं घेतंय. मोठा कूलर कोणता घेऊ?” मी म्हटलं, “आधी काही घेऊ नको, मी थर्मामीटर घेऊन येतो.”

दुपारी दोन वाजता खोलीत ३९ अंश होते. कॅबिनेटच्या आत, प्रोसेसरचा पंखा जिथून हवा ओढतो तिथे थर्मामीटर धरला तर ५८. म्हणजे हवा कूलरपर्यंत पोचायच्या आधीच १९ अंशांनी तापत होती. प्रोसेसर ९५ वर टेकलेला. त्या जातीच्या प्रोसेसरची मर्यादाच ९५ असते. तिथे पोचला की तो जळत नाही, बंदही पडत नाही. तो स्वतःची वीज कमी करतो आणि हळू चालतो. म्हणूनच लोकांना बराच काळ पत्ता लागत नाही. कुठे काही बिघडलेलं दिसत नाही, नुसता वेळ जास्त लागतो.

आता साधं गणित. त्याचा एका टॉवरचा कूलर, म्हणजे पातळ ॲल्युमिनियमच्या पत्र्यांचा एक उभा गठ्ठा आणि त्यावर एक पंखा, प्रोसेसरच्या दर वॅटमागे साधारण अर्धा अंश चढू देत होता. हे प्रमाण बऱ्यापैकी स्थिर राहतं: वीज दुप्पट, तर चढही दुप्पट. ५८ पासून ९५ पर्यंत ३७ अंशांची जागा उरते, म्हणजे प्रोसेसरला ७४ वॅट मिळणार. त्याची भूक होती १४२ वॅटची. जानेवारीत खोली २० अंशांवर असताना आतली हवा ३९, उरलेली जागा ५६ अंश, म्हणजे ११२ वॅट. थोडक्यात, हिवाळ्यातही त्याचं पोट कधी भरत नव्हतं. उन्हाळ्याने फक्त ते उघडं पाडलं.

मोठ्या कूलरने काय झालं असतं? चांगला दोन टॉवरचा कूलर दर वॅटला ०.४२ अंशांवर आणतो. पण तो हवा ५८ अंशांचीच ओढणार. ३७ ला ०.४२ ने भागलं की ८८ वॅट. चौदा वॅटांसाठी कूलरचे पूर्ण पैसे. खरा चोर ते १९ अंश होते, आणि ते कॅबिनेटच्या खात्यात जमा होते.

कॅबिनेट दिसायला झकास होतं. समोर अखंड काच, आत रंगीत दिवे, मागे हवा बाहेर फेकणारा एकच पंखा. समोरच्या काचेच्या कडेला बोटभर फट, तेवढ्यातून हवा आत येणार. ग्राफिक्स कार्ड दोनशे वॅट, प्रोसेसर, बाकीचं किडूकमिडूक मिळून तीनशे वॅटची शेगडी त्या डब्यात पेटलेली. तीनशे वॅटच्या डब्यातून मिनिटाला ३० घनफूट हवा गेली तर ती सुमारे १९ अंश तापून बाहेर पडते. ६० घनफूट गेली तर साडेनऊ. यात कुठली युक्ती चालत नाही. हवेचा एक घनमीटर एक अंश तापायला जेवढी उष्णता लागते तेवढी लागतेच. पंख्याच्या खोक्यावर ‘६० सीएफएम’, म्हणजे मिनिटाला ६० घनफूट, छापलेलं असतं, पण तो आकडा समोर काहीच अडथळा नसतानाचा. काच, जाळी, धूळ आली की निम्मा राहिला तरी नशीब.

म्हणून कॅबिनेट घेताना मी दोनच गोष्टी आधी बघतो: समोरचा पूर्ण भाग जाळीचा आहे का, आणि त्यामागचं धूळगाळणं खोकं न उघडता काढता येतं का. गाळणं काढायला स्क्रू लागत असतील तर ते कधीच धुतलं जाणार नाही, हे लिहून ठेवा. जाळीने धूळ जास्त येईल, काचेने कमी येईल, असं दुकानदार सांगतात. हे अर्धसत्य आहे. धूळ कुठून येते हे जाळीवर नाही, आतल्या दाबावर ठरतं.

भावाच्या डब्यात फक्त बाहेर फेकणारा पंखा होता. आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी, त्यामुळे हवा मिळेल त्या फटीतून आत शिरायची: यूएसबीच्या भोकांतून, मागच्या पट्ट्यांतून, पत्र्याच्या सांध्यांतून. या वाटांवर गाळणं नसतं. उलट आत ढकलणारे पंखे जास्त ठेवले तर दाब वाढतो, फटींतून हवा बाहेर पडत राहते आणि आत येणारी प्रत्येक हवा गाळण्यातूनच येते. समोर १४० मिलिमीटरचे दोन पंखे आत, मागे १२० चा एक बाहेर, एवढं बहुतेकांना पुरतं. बरोबर जमलंय की नाही हे पाहायला उदबत्ती घ्या, घरातला फॅन आणि कूलर दोन मिनिटं बंद करा, आणि धूर मागच्या फटींजवळ धरा. धूर आत ओढला गेला तर पंख्यांचा हिशोब उलटा आहे. बाहेर ढकलला गेला तर ठीक.

अकोल्याच्या धुळीबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण ती नुसती माती नसते. कापसाचा भाग. जिनिंग लांब असली तरी हवेत तंतू असतातच, शिवाय गाद्या, चादरी, कपडे. कूलरच्या दोन पत्र्यांमध्ये दीड-दोन मिलिमीटर फट असते. बारीक मातीचा कण त्यातून सहज निघून जातो. पण एखादा तंतू दोन पत्र्यांच्या तोंडावर आडवा अडकला की त्याचा पूल होतो. पुढचे तंतू त्याला चिकटतात, मग बारीक माती त्या जाळ्यात बसते. भावाच्या कूलरचा पंखा क्लिपा सोडून बाजूला काढला, तर मागे पत्र्यांच्या तोंडावर करड्या नमद्यासारखा थर. चिमटीत धरून अख्खा तुकडा सोलून निघाला. बाहेरून पंखा स्वच्छ दिसत होता, कारण थर पंख्याच्या पाठीमागे असतो. पत्र्यांची फट दाट असलेले कूलर चाचण्यांमध्ये एखाद-दोन अंश सरस ठरतात, पण त्या चाचण्या स्वच्छ खोलीत होतात. आपल्याकडे थोड्या विरळ पत्र्यांचा, आणि पंखा हाताने काढता येईल असा कूलर घ्यावा. उंची मात्र मोजून घ्या. दोन टॉवरचे बरेच कूलर १५५ ते १६५ मिलिमीटर उंच असतात आणि अरुंद कॅबिनेटचा दरवाजा लागत नाही.

लिक्विड कूलरचा मोह उन्हाळ्यात फार होतो. पाणी म्हटलं की गारवा आठवतो. पण ते पाणीही शेवटी रेडिएटरच्या पत्र्यांतून याच चाळीस अंशांच्या हवेत उष्णता टाकतं, आणि त्या पत्र्यांची फट आणखी दाट असते. पंपाची भर वेगळीच. मी तरी घेत नाही.

आम्ही भावाचं कॅबिनेट बदललं. जाळीचं तोंड, समोर दोन मोठे पंखे, मागे एक. आतली चढ १९ वरून ९ वर आली, म्हणजे कूलरला ४८ अंशांची हवा. जुनाच कूलर साफ करून बसवला तेव्हा जागा ४७ अंशांची, वीज ९४ वॅट. महिनाभराने दोन टॉवरचा कूलर घेतला तेव्हा ११२ वॅट. म्हणजे मेच्या दुपारी त्याला जुन्या जानेवारीइतका वेग मिळाला. क्रम उलटा केला असता तर पहिल्या खर्चात चौदा वॅट मिळाले असते, या क्रमात वीस मिळाले, आणि दुसऱ्या खर्चाचाही फायदा वाढला. मग बायोसमध्ये PPT, म्हणजे प्रोसेसरला मिळणाऱ्या विजेची मर्यादा, १०० वॅटवर बांधली. वेगात फरक जाणवत नाही, पण प्रोसेसर ९५ ऐवजी ९० वर थांबतो आणि धुळीसाठी पाच अंशांची शिल्लक राहते.

वीजपुरवठ्याच्या डब्याचं, म्हणजे एसएमपीएसचं, एक बघा: त्याची पूर्ण क्षमता ४० अंशांना मोजली आहे की ५० अंशांना, हे माहितीपत्रकात दिलेलं असतं. आपल्याला ५० वालाच हवा. त्याचा पंखा बहुधा खालून हवा ओढतो, म्हणून कॅबिनेट फरशीवर नको, टेबलावर किंवा निदान स्टुलावर. खिडकीतल्या कूलरचा झोतही थेट त्यावर नको. बोअरचं जड पाणी असेल तर बारीक तुषार उडून वाळतात आणि क्षारांची पांढरी पूड बोर्डावर बसते. पावसाळी हवेत तीच पूड ओल धरते.

साफ करायला हँड ब्लोअर चांगला. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरमधून हवेबरोबर पाणीही येतं, तिथे नेऊ नका. फुंकताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. मोकळा सोडला तर तो भरधाव फिरतो, बेअरिंग खिळखिळं होतं.

साफ कधी करायचं हे तारखेवर नको, फरकावर ठरवावं. पूर्ण कामावर असताना प्रोसेसरचं तापमान वजा खोलीचं तापमान. भावाकडे ते ९० वजा ३९, म्हणजे ५१. वीज बांधलेली असल्याने जानेवारीतही ते ५१ च्या आसपासच येतं. ऋतूचा त्याच्याशी संबंध नाही. वाढलं तर धूळ. नेमकी कुठे, हेही कळतं. समोरचं गाळणं काढून दहा मिनिटं चालवा, फरक खाली आला तर गाळणं तुंबलंय. नाही आला तर बाजूचा दरवाजा काढा. आता आला तर हवेची वाट कुठेतरी अडलीय, एखादा पंखा बंद पडला असेल. तरीही जागचा हलला नाही तर कूलरचे पत्रे तरी भरलेत किंवा प्रोसेसरवरची पेस्ट वाळलीय.

भावाने कॅबिनेटच्या बाजूला मार्करने ‘५१’ लिहून ठेवलंय. त्याखाली गेल्या वर्षीच्या नोंदी आहेत: एप्रिलमध्ये ५३, मेच्या मध्याला ५५, गाळणं धुतल्यावर ५२. त्या ५२ मधला जादा एक अंश कुठून आला, हे शोधायला त्याला अजून सवड मिळालेली नाही. लग्नं चालू आहेत.