विदर्भाच्या नकाशात नागपूर नेहमीच सर्वांत गडद का दिसतं?
(जिल्हावार नकाशा करून घेणाऱ्या संस्थांसाठी माहिती)

आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक संस्था एकच मागणी करतात: "आकडे जास्त तिथं रंग गडद करा." शाळेच्या भूगोलात ज्याला क्षेत्रघनी नकाशा म्हणतात, तो हाच. पण त्यात नुसती संख्या भरली, की विषय सर्पदंशाचा असो वा शेततळ्यांच्या अर्जांचा, नागपूर गडद आणि गडचिरोली फिकट निघते. कारण साधं आहे. 2011 च्या जनगणनेत नागपूर जिल्ह्यात 46,53,570 माणसं होती, वर्ध्यात 13,00,774 आणि गडचिरोलीत 10,72,942. माणसं चौपट असतील, तर घटनाही जास्तच नोंदल्या जाणार.

समजा, वर्षभरात सर्पदंशाच्या नोंदी नागपुरात 9,300, गडचिरोलीत 5,365 आणि वर्ध्यात 3,900 झाल्या. (हे आकडे फक्त समजावण्यासाठी घेतले आहेत.) संख्येच्या नकाशात नागपूर पहिलं. आता नोंदींना लोकसंख्येनं भागून हजारानं गुणा, म्हणजे हजार माणसांमागचा दर मिळेल: नागपूर 2, वर्धा 3, गडचिरोली 5. पहिलं असलेलं नागपूर थेट शेवटी गेलं. गडचिरोलीतल्या माणसाला साप चावण्याची शक्यता नागपूरकरापेक्षा अडीचपट आहे, आणि पहिल्या नकाशानं नेमकं तेच झाकलं होतं.

क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये हे स्वतः करायचं असेल, तर थराच्या Symbology मध्ये Graduated निवडून Value मध्ये संख्येच्या रकान्याऐवजी हे लिहा. रकान्यांची नावं तुमच्या तक्त्याप्रमाणे बदला:

```
"nondi" * 1000.0 / "loksankhya"
```

हातात आलेला नकाशा फसवा आहे का, हे ओळखायला आम्ही शेजारी नुसत्या लोकसंख्येचा नकाशा ठेवतो. दोन्ही जवळजवळ सारखे दिसले, तर पहिल्यानं लोकसंख्येपलीकडे फारसं काही सांगितलेलं नसतं.

संख्या मात्र फेकून देऊ नका. सर्पदंशावरील प्रतिविषाच्या किती कुप्या कुठं ठेवायच्या, हे दर सांगत नाही. तिथं 9,300 हाच आकडा लागतो. तो आम्ही जिल्ह्यावर लहानमोठ्या वर्तुळानं दाखवतो आणि रंग दरासाठीच राखतो.

भागायचं कशानं, हेही आधी ठरवावं लागतं. अंगणवाडीतल्या कुपोषित मुलांचा दर काढताना सगळ्या गावाची लोकसंख्या घेऊन चालत नाही, त्या वयाचीच मुलं घ्यावी लागतात.

गावनिहाय नकाशात दरही दगा देतो. 400 वस्तीच्या गावात दोघांना साप चावला, की दर हजारी 5, म्हणजे वरच्या गडचिरोलीइतका. पुढच्या वर्षी एकालाच चावला तर थेट अडीच. गावात काहीच बदललेलं नसतं, तरी रंग बदलतो. म्हणून लहान गावांसाठी आम्ही पाच वर्षांच्या नोंदी एकत्र घेऊन वर्षाची सरासरी काढतो, किंवा एका प्राथमिक आरोग्य केंद्राखालची गावं जोडून एकच दर देतो. त्यासाठी नोंदी पाठवताना प्रत्येक गावापुढं वर्ष, लोकसंख्या आणि आरोग्य केंद्राचं नाव लिहून पाठवा.