कर्जाच्या अर्जासोबतचे पत्र आणि उत्पन्न-देण्यांचा तक्ता
आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक, नागपूर

गृहकर्जाचा अर्ज बँकेच्या छापील फॉर्मवर असतो. त्यात 'मासिक उत्पन्न' आणि 'इतर कर्जे' यांना जेमतेम दोन-दोन ओळी दिलेल्या असतात. पगारातून कापला जाणारा सोसायटीचा हप्ता, क्रेडिट कार्डाची थकबाकी किंवा कुणाला दिलेला जामीन त्यात मावत नाही. म्हणून आम्ही अर्जाला शाखा व्यवस्थापकांच्या नावे एक पत्र आणि एक पानाचा तक्ता जोडायला सांगतो. तक्ता चुकला तर मात्र तो अर्जदाराच्याच अंगावर येतो. सर्वांत जास्त वेळा दिसणारी चूक खालील उदाहरणात आहे. आकडे समजण्यासाठी घेतले आहेत, पण असे अर्ज आमच्याकडे नेहमी येतात.

अर्जदार बुटीबोरीच्या कंपनीत नोकरीला असून बेसा भागात फ्लॅट घेतो आहे. पगाराच्या स्लिपवर एकूण पगार ५८,००० रुपये आहे. त्यातून भविष्य निर्वाह निधीचे ३,६००, व्यवसाय कराचे २०० आणि कर्मचारी पतसंस्थेच्या हप्त्याचे ४,५०० रुपये कापून खात्यात ४९,७०० रुपये जमा होतात. (फेब्रुवारीत व्यवसाय कर ३०० रुपये असतो. त्या महिन्याची स्लिप शंभराने वेगळी दिसली तर घाबरू नका.)

आता हे गृहस्थ स्वतःच्या हाताने तक्ता लिहितात. उत्पन्नात पासबुकात दिसणारे ४९,७०० टाकतात आणि खाली देण्यांत पुन्हा पतसंस्थेचे ४,५०० मांडतात. म्हणजे एकच हप्ता दोनदा वजा झाला. अधिकाऱ्याने स्लिप बारकाईने पाहिली तर तो दुरुस्त करील, नाही पाहिली तर तोच आकडा संगणकात जाईल. काही जण उलट करतात. हप्ता देण्यांत लिहीतच नाहीत, कारण 'तो पगारातच कटतो ना!' मग स्लिपवरची कपात पाहून अधिकारी विचारतो की ही नोंद कुठे आहे, आणि तिथून पुढे तक्त्याच्या प्रत्येक ओळीकडे तो संशयाने बघतो.

बरोबर रीत अशी : एकूण पगारातून फक्त कायद्याने होणारी कपात वजा करायची आणि कर्जाचा प्रत्येक हप्ता, तो कुठूनही कापला जात असो, देण्यांत एकदाच दाखवायचा.

भाग अ : मासिक उत्पन्न (३० जून अखेर)

| तपशील | रुपये | पुरावा |
|---|---|---|
| एकूण पगार | ५८,००० | तीन महिन्यांच्या स्लिपा |
| वजा : भविष्य निर्वाह निधी, व्यवसाय कर | ३,८०० | स्लिप |
| कर्जहप्त्यांपूर्वीचे निव्वळ उत्पन्न | ५४,२०० | |

भाग ब : चालू देणी

| देणे | मासिक रुपये | उरलेले हप्ते | पुरावा |
|---|---|---|---|
| पतसंस्था कर्ज (पगारातून कपात) | ४,५०० | ११ | पतसंस्थेचा उतारा |
| दुचाकी कर्ज | २,८५० | ५ | कर्ज खातेउतारा |
| मोबाइलचा हप्ता | १,७५० | ३ | हप्त्यांचे वेळापत्रक |
| क्रेडिट कार्ड, थकबाकी २४,००० | १,२०० | – | ताजे बिल |
| एकूण | १०,३०० | | |

कार्डाला ठरलेला हप्ता नसतो. पुष्कळ बँका थकबाकीच्या ५ टक्के रक्कम मासिक देणे धरतात, म्हणून आम्हीही तेच लिहितो. 'उरलेले हप्ते' हा रकाना मात्र कधीही गाळू नका. थोडेच हप्ते उरलेले कर्ज काही बँका हिशेबातून सोडतात, पण तो रकानाच नसेल तर त्यांना ते कळणार कसे?

आता फरक पाहू. उत्पन्नाचा किती भाग हप्त्यांत जाऊ द्यायचा हे प्रमाण बँकेनुसार आणि पगारानुसार बदलते. इथे ५० टक्के धरू. ५४,२०० चे निम्मे २७,१००, त्यातून १०,३०० गेले की नव्या हप्त्यासाठी १६,८०० उरतात. ९ टक्के व्याज आणि २० वर्षे मुदत असेल तर लाखाला साधारण ९०० रुपये हप्ता बसतो, म्हणजे सुमारे १८ लाख ६६ हजारांचे कर्ज. चुकीच्या तक्त्यात ४९,७०० चे निम्मे २४,८५०, आणि वजाबाकीनंतर १४,५५० उरतात. त्यावर सुमारे १६ लाख १६ हजार बसतात. एका दुहेरी नोंदीने अडीच लाख गेले.

हाच तक्ता अर्जाआधी घरी मांडला तर आणखी एक गोष्ट दिसते. मोबाइलचे उरलेले ५,२५० आणि कार्डाचे २४,००० फेडले तर महिन्याचे देणे २,९५० ने उतरते आणि पात्रता सव्वातीन लाखांच्या आसपास वाढते. फेडल्यावर लगेच दुसऱ्या दिवशी अर्ज करू नका. १ जानेवारी २०२५ पासून कर्जदात्यांनी सिबिलसारख्या संस्थांना निदान पंधरवड्याने माहिती द्यायची आहे, तरी नोंद उतरायला वेळ लागतोच. ना-देय दाखला घ्या आणि नवा अहवाल काढून पाहा. अशा प्रत्येक संस्थेकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो.

पत्र छोटेच ठेवा. तक्त्यातून जे समजणार नाही तेवढेच त्यात लिहा :

> प्रति,
> मा. शाखा व्यवस्थापक,
> ............ बँक, ............ शाखा, नागपूर
>
> विषय : गृहकर्ज अर्जासोबत मासिक उत्पन्न व चालू देण्यांचा तक्ता जोडण्याबाबत.
>
> महोदय,
>
> मी दि. ........ रोजी आपल्या शाखेत गृहकर्जासाठी अर्ज केला आहे. सोबत माझे मासिक उत्पन्न व चालू देणी यांचा तक्ता जोडत आहे. त्यातील आकडे ३० जून अखेरचे आहेत.
>
> पतसंस्थेचा ४,५०० रुपयांचा हप्ता पगारातून परस्पर कापला जातो. तो भाग 'ब' मध्ये दाखवला असल्याने भाग 'अ' मधून वजा केलेला नाही. कृपया तो एकदाच धरावा.
>
> मी एका सहकाऱ्याच्या पतसंस्था कर्जास जामीन आहे. ते कर्ज नियमित सुरू असून त्याचा हप्ता मी भरत नाही.
>
> आणखी कागदपत्रे लागल्यास कळवावे, ही विनंती.
>
> आपला विश्वासू,
> (सही, नाव, मोबाइल क्रमांक)
> सोबत : तक्ता व पुराव्यांच्या प्रती

जामिनाची ओळ पाहून बरेच ग्राहक कचरतात. 'उगाच कशाला सांगायचं?' असे आम्हाला विचारतात. जामीनकी बहुतेक वेळा सिबिल अहवालात दिसते. ती आधी आपण सांगितली तर साधी माहिती ठरते, बँकेला सापडली तर लपवाछपवी. पतसंस्थेची कर्जे अहवालात नसतीलही, पण पगाराच्या स्लिपवर किंवा सहा महिन्यांच्या खातेउताऱ्यावर ती उमटलेली असतातच. अधिकारी पेन्सिल घेऊन उताऱ्यावरच्या दर महिन्याच्या सारख्या रकमांवर खुणा करत जातो आणि प्रत्येक खुणेची जोडी तुमच्या तक्त्यात शोधतो. तुम्हीही पत्र देण्याआधी घरी बसून तेच करा. जोडी न लागलेली रक्कम विम्याची किंवा भिशीची असेल तर उताऱ्यावर शेजारी तसे लिहून ठेवा.

काटोल-नरखेडकडे संत्र्याची बाग असलेल्यांनी ते उत्पन्न पगाराच्या बेरजेत मिसळू नये. आंबिया किंवा मृग बहाराचे पैसे एकदम हाती येतात. म्हणून वर्षाची रक्कम बाराने भागून वेगळ्या ओळीत लिहावी आणि सोबत सातबारा व कळमन्याच्या अडत्याच्या पट्ट्या जोडाव्यात. पट्टी नसेल, माल रोखीने बागेतच दिला असेल, तर बँक ते उत्पन्न सहसा धरत नाही.

पत्राच्या दोन प्रती न्या. एक शाखेत द्या आणि दुसरीवर तारखेसह पोच शिक्का घ्या. पुढे आकड्यांवरून प्रश्न निघाला तर त्या दिवशी कोणता तक्ता दिला होता, हे त्या शिक्क्याच्या प्रतीवरूनच दाखवता येते.