‘1 तासात निर्णय’ आणि ‘1 तासात मंजूर’ एकच नाही हो

इन्शुरन्स कम्पॅरिझनच्या पानांची टायटलं तपासायचं काम करते मी, आणि दर आठवड्याला एक तरी टायटल असं येतंच: "10 लाख कव्हर, 1 तासात कॅशलेस क्लेम मंजूर". लिहिणाऱ्याला विचारलं की म्हणतो, मॅडम, लोक हेच सर्च करतात ना! करतात की. पण लोक सर्च करतात "कॅशलेस क्लेम किती वेळात होतो", त्याचं उत्तर "मंजूर" कसं झालं?

प्रीमियम आणि कव्हर यांत फारसा घोळ नाही. कव्हरचा आकडा टायटलच्या सुरुवातीला घ्या, कारण मोबाईलवर शेपूट कापलं जातं. प्रीमियमचा आकडा टाकलात तर तो कुठल्या वयाचा हे शेजारीच लिहा, आणि "18% जीएसटीसह" असली जुनी वाक्यं काढा, वैयक्तिक हेल्थ पॉलिसीवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून शून्य आहे. झालं एवढंच.

घोळ होतो तो क्लेमपाशी. विमा कंपन्यांची नियामक संस्था आयआरडीएआय, तिच्या 2024 च्या मास्टर सर्क्युलरमध्ये आहे की कॅशलेसची विनंती आली की कंपनीने 1 तासात त्यावर निर्णय द्यायचा, आणि डिस्चार्जच्या वेळी अंतिम मंजुरीचं 3 तासात सांगायचं. आता निर्णय म्हणजे हो पण असतो, नाही पण असतो, आणि "एवढे देतो, बाकी तुमचं तुम्ही बघा" हा पण असतो. नियमाने घड्याळ बांधलंय, उत्तर नाही बांधलं. टायटल लिहिणारा मात्र "1 तासात" पाहतो आणि पुढे आपल्या मनाने "मंजूर" चिकटवतो.

त्यातही लोकांना वाटतं की कॅशलेस मंजूर झालं म्हणजे सगळं बिल गेलं. एक हिशोब करून दाखवते, म्हणजे कळेल मी एवढी का चिडते. समजा 5 लाखांची पॉलिसी आहे, रूम भाड्याची मर्यादा 1%, म्हणजे दिवसाला 5,000. पेशंटने 8,000 ची रूम घेतली, 4 दिवस. हॉस्पिटल रूमच्या दर्जाप्रमाणे बाकीचे चार्जेस वाढवतं असं धरू. रूमचे 32,000 झाले त्यातले 20,000 मिळणार. डॉक्टर, ऑपरेशन थिएटर, नर्सिंगचे 1,20,000, त्यालाही तोच 5/8 चा हिशोब लागतो म्हणजे 75,000. औषधांचे 40,000, त्यांना ही कात्री लागत नाही, ते पूर्ण. एकूण बिल 1,92,000, मंजूर 1,35,000, आणि खिशातून 57,000. कॅशलेस? हो, अगदी वेळेत मंजूर झालं. तरी माणूस डिस्चार्जच्या काउंटरवर मेहुण्याला फोन लावतोय की पन्नास-साठ हजार घेऊन ये. हा माणूस तुमचं "100% कॅशलेस" टायटल वाचून आला असेल तर शिव्या कोणाला घालणार?

म्हणून माझा नियम सोपा आहे, क्लेमच्या टायटलमध्ये क्रियापद कंपनीच्या बाजूचं नको, वाचणाऱ्याच्या बाजूचं हवं. "क्लेम मिळतो", "पास होतो" हे कंपनी ठरवते. "क्लेम कसा करायचा", "कुठली कागदपत्रं लागतात", "किती वेळ लागतो" हे आपण खरोखर सांगू शकतो, आणि गंमत म्हणजे लोक टाइप पण हेच करतात, त्यामुळे सर्चमध्ये काही गमवावं लागत नाही.

वरचं टायटल मी असं केलं: "10 लाख फॅमिली फ्लोटर: 3 पॉलिसींचा प्रीमियम, रूम मर्यादा, कॅशलेस क्लेम प्रक्रिया". थोडं लांब आहे, मान्य, पण कापलं गेलं तरी आधी कव्हर आणि प्रीमियम दिसतो. "रूम मर्यादा" मी हट्टाने ठेवते, 57,000 तिथूनच गेलेत. आणि हो, पानावर खरंच तिन्ही पॉलिसींची क्लेमची पायरीवार माहिती हवी, नाहीतर गूगल टायटल बदलून पानातलंच दुसरं काहीतरी दाखवू शकतं, मग ओरडायचं नाही.

"98% क्लेम सेटलमेंट रेशो, निश्चिंत रहा" हे पण मी खोडते. तो आकडा मागच्या वर्षी दुसऱ्यांच्या क्लेमचं काय झालं ते सांगतो, तुम्ही फॉर्ममध्ये डायबिटीस लपवलात तर तो तुमच्या बाजूने उभा राहत नाही. आकडा द्यायचाच तर वर्षासकट पानात द्या. "नंबर 1", "बेस्टसेलर" तर विचारूच नका, वेब अ‍ॅग्रिगेटर म्हणजे पॉलिसींची तुलना दाखवणाऱ्या साईट, त्यांच्या 2017 च्या नियमांत रेटिंग, रँकिंग साईटवर दाखवायलाच मनाई केली होती, तरी दर महिन्याला कोणीतरी नव्या उत्साहाने "टॉप 5" पाठवतंच.