पुसलेली तारीख कशी ओळखावी?

समजा, गणपतीच्या तोंडावर वेंगुर्ल्याच्या बाजारात तुम्ही भाजलेल्या काजूचं पाकीट उचललंत. रंगीत छपाई झकास, नाव ओळखीचं. पण अशा पाकिटात लबाडी बहुतेक वेळा रंगीत चित्रात नसते. ती असते तारखेच्या ओळीत, आणि त्याचं कारण छपाईच्या पद्धतीत आहे.

पाकिटाचं प्लास्टिक दोन-तीन थरांचं असतं. चित्र, नाव, वजन हे बहुधा आतल्या थरावर छापून वर पारदर्शक पापुद्रा चिकटवतात, त्यामुळे नखाने कितीही खरवडलं तरी रंग सुटत नाही. तारीख आणि बॅच नंबर मात्र माल भरताना वरून छापावे लागतात. यंत्र शाईचे बारीक थेंब उडवतं, त्यांना विद्युतभार देऊन हवे तिथे वळवतं, आणि शाई क्षणात वाळते. म्हणून हे आकडे सुट्या ठिपक्यांचे दिसतात. ही शाई पृष्ठभागावरच असल्याने थिनरच्या बोळ्याने निघते. जुना माल नवा करणाऱ्याला एवढं पुरतं.

पण पुसल्याची खूण उरते. पाकीट दुकानाच्या दाराशी न्या आणि तिरकं धरा, म्हणजे उजेड पृष्ठभागावरून घसरत जाईल. थिनर लागलेल्या जागी चकाकी मरते आणि मंद डाग दिसतो. कधी जुन्या ठिपक्यांची फिकट सावली नव्या आकड्यांमागून डोकावते. नवे आकडे रबरी शिक्क्याचे असतील तर रेघा सलग असतात आणि कडेला शाई साचते. मोबाइलच्या कॅमेऱ्याने मोठं करून पाहिलंत तर हा फरक लगेच कळतो.

मग दुकानदाराकडे मूळ खोका मागा. पाकिटावर बॅच ११४, पॅकिंग जून, आणि खोक्यावर तीच बॅच, पॅकिंग फेब्रुवारी असं निघालं तर काही तरी गफलत आहे. एक बॅच साधारण एकाच वेळी भरली जाते. तिच्यात चार महिन्यांचं अंतर पडायला कारण नाही. लबाडी करणारे पाकिटं पुसतात, खोका विसरतात.

सीलही पाहून घ्या. कारखान्याच्या पट्टीवर एकसारख्या समांतर रेघा उठतात. उघडून पुन्हा चिकटवलेल्या कडेला रेघा दुहेरी होतात, नाहीतर मध्येच वितळलेला, चुणीदार भाग दिसतो.

नुसती पुसट तारीख हा मात्र पुरावा नव्हे. पाकिटावर तेलाचा हात लागलेला असेल किंवा दमट हवेत छापलं असेल, तर शाई खऱ्या कारखान्यातही नीट बसत नाही. आकडे वाकडे येणं तर रोजचंच. लेझरने कोरलेली तारीख पुसताच येत नाही, तिथे हा उजेडाचा प्रयोग कामाचा नाही. दोन खुणा एकत्र दिसल्या, म्हणजे मेलेली चकाकी आणि न जुळणारी बॅच, तर पाकीट फोडू नका. बिलासह तसंच ठेवा आणि अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार द्या. फोडलेल्या पाकिटाचं सील मग कुणालाच तपासता येत नाही.