पाळीची रजा, आयव्हीएफची रजा आणि बाळंतपणाचा कायदा: गल्लत नेमकी कुठे होते

मी कोल्हापुरात छोट्या कारखान्यांची आणि दुकानांची पगारपत्रकं, पीएफ, ईएसआयची कामं बघते. अलीकडे दर महिन्याला कुणीतरी विचारतंच, "मॅडम, आता पाळीची रजा द्यावीच लागते म्हणे?" आणि लगेच पुढचं, "मग आयव्हीएफची पण बाळंतपणाच्या रजेत बसते ना?" दोन्हींचं उत्तर 'नाही' आहे, पण दोन 'नाही' वेगवेगळे आहेत.

पाळीच्या रजेचं बहुतेकांना ठाऊक असतं, म्हणून ते उरकून टाकते. महाराष्ट्रातल्या खाजगी मालकाला ती देण्याची सक्ती नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये हा धोरणाचा विषय आहे म्हणून सरकारकडे बोट दाखवलं. बिहारमध्ये 1992 पासून सरकारी नोकरीतल्या बायकांना महिन्याला दोन दिवस मिळतात. गोंधळ वाढवला तो शेजारच्या कर्नाटकाने. तिथे नोव्हेंबर 2025 च्या सरकारी आदेशाने खाजगी आस्थापनांनाही महिन्याला एक दिवस, वर्षाला बारा दिवस पगारी रजा लागू झाली आणि त्यावर उच्च न्यायालयात आव्हानही दाखल झालं. म्हणजे कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत काम करणारीला हा हक्क नाही आणि निपाणीला जाऊन काम करणारीला तो आदेश लागू. घर कुठे आहे याला महत्त्व नाही, कामाची जागा कुठल्या राज्यात आहे ते बघायचं. ज्यांची एक शाखा बेळगावात आणि एक कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत आहे, त्यांनी दोन वेगळे नियम ठेवायला हरकत नाही. मी म्हणेन, एकच ठेवा आणि चांगला तो ठेवा.

खरी गल्लत दुसरीकडे आहे. आयव्हीएफ म्हणजे मूल होण्यासाठीच चाललेलं, मग ते बाळंतपणाच्या कायद्यातच येणार, असं लोक धरून चालतात. तो कायदा मात्र गर्भ राहिल्यावर सुरू होतो. त्याआधीचं काहीच त्यात नाही: इंजेक्शनं नाहीत, सोनोग्राफी नाही, बीजं काढण्याचा दिवसही नाही. 1961 चा मातृत्व लाभ कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत गेला, पण ही रेघ तिथेच आहे.

एक उदाहरण घेऊ. राजारामपुरीतलं चोवीस माणसांचं ऑफिस, हिशेब बघणारी एकजण. तिची पाळी 3 जूनला आली. 4 तारखेला पहिली सोनोग्राफी, मग रोज इंजेक्शन, आणि 9, 11, 13 ला पुन्हा सोनोग्राफी. हे सगळं सकाळी, म्हणजे चार अर्धे दिवस गेले. 14 ला रात्री नऊला शेवटचं इंजेक्शन, त्यानंतर साधारण छत्तीस तासांनी, 16 ला सकाळी, भूल देऊन बीजं काढली. 17 ला विश्रांती. 21 ला गर्भ आत सोडला. एकूण पाच दिवस झाले.

आकडा फार मोठा नाही. अडचण तारखांची आहे. बीजं कधी काढायची हे अंड्यांची वाढ बघून ठरतं, म्हणून तारीख दोनेक दिवस आधीच कळते, आणि आपल्याकडे हक्काच्या रजेचा अर्ज बऱ्याच ऑफिसांत आधी मागतात. दुसरी गोष्ट, महाराष्ट्राच्या दुकान कायद्यात वीस किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी वर्षाला आठ सीएल, म्हणजे किरकोळ रजा, आहेत, पण त्या तिमाहीनुसार खात्यात जमा होतात. जूनमध्ये पाच दिवस लागले तर त्या तिमाहीच्या दोन सीएल पुरत नाहीत. मागच्या तिमाहीच्या दोन शिल्लक असतील तर चार, उरलेला एक हक्काच्या रजेतून, आणि तीही नसेल तर बिनपगारी. मालकाने मनाने दिली तर गोष्ट वेगळी.

आता 3 जुलैला रक्ततपासणी. इथे दोन फाटे फुटतात.

रिपोर्ट निगेटिव्ह आला तर कायदा गप्प आहे. त्या बाईचं अंग मोडून गेलेलं असतं, मन त्याहून जास्त, पण गर्भच राहिला नसल्याने याला गर्भपात म्हणत नाहीत, आणि गर्भपाताची सहा आठवड्यांची रजा लागू होत नाही. ऑफिसात कुणी दयेपोटी ती 'गर्भपाताची' म्हणून मस्टरवर लावायला सांगतं. तसं करू नका, खोटा दाखला जोडावा लागेल आणि तो पुढे तिच्याच अंगाशी येईल. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली असेल तर आजारपणाची रजा द्या.

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला आणि आठव्या आठवड्यात गर्भ गेला, तर चित्र पूर्ण बदलतं. आता सहा आठवड्यांची पगारी रजा तिचा हक्क आहे. गर्भ आयव्हीएफने राहिला की आपोआप, याने फरक पडत नाही. त्यात दुखणं वाढलं तर डॉक्टरांच्या दाखल्यावर जास्तीत जास्त एक महिना आणखी. पगार एकवीस हजारांपर्यंत असून ईएसआय लागू असेल तर हा पैसा मालकाच्या खिशातून जात नाही, ईएसआय देते. या रजेवर असताना तिला कामावरून काढणं बेकायदा आहे. इंजेक्शनांच्या काळात घेतलेल्या सुट्यांना हे संरक्षण नाही, आणि हीच गोष्ट मालक आणि कामगार दोघंही विसरतात.

इंजेक्शनांनी अंडाशय सुजून, पोटात पाणी होऊन दवाखान्यात राहावं लागलं, तरी गर्भ राहण्याआधी तो साधा आजारच. ईएसआय असेल तर आजारपणाच्या लाभासाठी अर्ज करा, बाळंतपणाच्या फॉर्मवर लिहू नका.

सरोगसीच्या बाबतीत मात्र नियम आहे: स्वतःचं बीज वापरून दुसरीच्या पोटी मूल वाढवून घेणाऱ्या आईला मूल हाती आल्यापासून बारा आठवडे. ही रजा उपचारांसाठी नाही, मूल सांभाळण्यासाठी आहे.

बाहेरच्या देशांतही कायद्याने हे दोन विषय वेगळेच बांधलेत. जपानमध्ये पाळीची रजा 1947 पासून आहे, पण पगाराची सक्ती नाही. स्पेनमध्ये 2023 पासून डॉक्टरांच्या दाखल्यावर, पैसे सामाजिक सुरक्षा निधीतून. दक्षिण कोरियात वंध्यत्व उपचारांची वेगळी रजा आहे, 2025 पासून वर्षाला सहा दिवस, त्यातले पहिले दोन पगारी.

म्हणून कुणी मला धोरणाचा मसुदा लिहायला सांगतं आणि वर 'महिला आरोग्य रजा, बारा दिवस' असं एकच कलम हवं म्हणतं, तेव्हा मी नकार देते. दोन रजा वेगवेगळ्या चालीच्या आहेत. पाळीची दर महिन्याला येते, म्हणून महिन्याला एक दिवस, न वापरल्यास संपणारी, आणि दाखला अजिबात न मागता. दाखला मागणाऱ्या साहेबांना माझा सरळ प्रश्न असतो: दर महिन्याला डॉक्टरांची फी कोण देणार? उपचारांची रजा महिन्यावार नको, प्रयत्नावार मोजा. एका प्रयत्नाला पाच-सहा दिवस ठेवा आणि ते अर्ध्या दिवसाच्या तुकड्यांत घेता येऊ द्या. आगाऊ अर्जाची अट काढा. दाखला मागायचा तर 'वैद्यकीय उपचार चालू आहेत' एवढ्या ओळीचा. नवऱ्यालाही ती मिळू द्या, कारण बीजं काढण्याच्या दिवशी नमुना द्यायला तोही दवाखान्यात असतो, आणि कधी त्याच्यावरच छोटी शस्त्रक्रिया होते.

मस्टरवर कुठल्याही रजेचं नाव लिहू नका. 'विशेष रजा' आणि एक संकेतांक पुरे. हजेरीचा तक्ता रोज सकाळी स्टाफच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची पद्धत इथल्या कितीतरी ऑफिसांत आहे. मसुद्यात पहिलं कलम मी तीच बंद करण्याचं टाकते.