हद्दची शिक्षा व्हायला काय काय लागे : पात्रता, पुरावा आणि प्रक्रिया

इस्लामच्या शास्त्रीय कायद्यात, म्हणजे फिक्हमध्ये, मोजक्या गुन्ह्यांची शिक्षा आधीच ठरलेली आहे. काझीला ती कमीही करता येत नाही आणि वाढवताही येत नाही. अशा शिक्षेला हद्द म्हणतात, अनेकवचनी हुदूद. चोरी, वाटमारी, मद्यपान, व्यभिचार आणि व्यभिचाराचा खोटा आरोप हे त्यातले मुख्य गुन्हे. हात तोडणं, फटके, दगडांनी ठेचून मारणं अशा शिक्षा ऐकून वाटतं, की काझीच्या दारात रोज रक्त सांडत असेल. प्रत्यक्षात असा गुन्हा सिद्ध होणं इतकं कठीण होतं की साक्षीदारांच्या आधारे ती क्वचितच व्हायची. कारण नियमांतच आहे. इथे हनफी पंथाचे नियम घेतले आहेत, कारण मोगलांच्या आणि उस्मानी तुर्कांच्या राज्यात हाच पंथ चालायचा. उदाहरण व्यभिचाराचं (अरबीत झिना) घेऊ, कारण सगळ्यात कडक नियम त्याचेच.

साक्ष कोण देऊ शकतो

चार पुरुष हवेत. प्रत्येक जण प्रौढ, शुद्धीवरचा, मुसलमान, स्वतंत्र (गुलाम नसलेला) आणि सचोटीचा असावा. सचोटी साक्षीदाराच्या शब्दावर ठरत नसे. काझी त्याच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे आधी गुपचूप आणि मग उघड चौकशी करायचा. बायकांची साक्ष इतर दाव्यांत चालायची, हद्दमध्ये नाही. ही अट आजच्या वाचकाला खुपते आणि खुपायलाच हवी. पण तिचा परिणाम आरोपीच्या बाजूनेच व्हायचा, हेही खरं.

साक्षीदाराने कृत्य डोळ्यांनी पाहिलेलं असायला हवं, आणि तेही सुरमेदाणीत सलई जावी इतकं स्पष्ट. ही उपमा ग्रंथांमध्ये शब्दशः येते. दोघांना एका अंथरुणात पाहिलं, खोलीतून बाहेर पडताना पाहिलं, हे पुरत नाही. चौघांनी एकाच बैठकीत साक्ष द्यायची. मग काझी प्रत्येकाला विचारतो: व्यभिचार म्हणजे काय, कसा झाला, कुठे, कधी, कुणाबरोबर. दोघांनी इराकमधलं कूफा शहर सांगितलं आणि दोघांनी बसरा, तर आरोपीची हद्द तिथेच संपते. एकाच लहान खोलीतल्या कोपऱ्याबद्दल मतभेद असेल तर मात्र चालवून घ्यायचे, कारण माणसं हलतात.

कागदपत्रे

कोणतीही नाहीत. एका काझीने दुसऱ्या काझीला लिहिलेलं पत्र मालमत्तेच्या दाव्यात पुरावा म्हणून चालायचं, हद्दमध्ये चालत नसे. ऐकीव साक्षही नको: मूळ साक्षीदार आजारी आहे किंवा परगावी आहे म्हणून त्याने सांगितलेलं दुसऱ्याने येऊन सांगायचं, ही सोय फक्त बाकीच्या खटल्यांना. कागद खोटा करता येतो आणि निरोप बदलतो, म्हणजे शंकेला जागा उरते. शंका उरली की हद्द गेली.

मुदत

गुन्हा पाहिल्यावर साक्षीदाराला दोन मार्ग होते: काझीकडे जाणं किंवा दुसऱ्याचं पाप झाकणं. झाकणं अधिक चांगलं, असं मरघीनानी (मृत्यू ११९७) आपल्या ‘हिदाया’ या ग्रंथात सांगतो. मग जो तेव्हा गप्प बसला आणि बऱ्याच दिवसांनी बोलू लागला, त्याने पहिल्यांदा झाकायचं ठरवलं होतं. आता बोलतोय म्हणजे मध्ये काही वैर आलं असणार. म्हणून योग्य कारण नसताना उशीर केलेली साक्ष हद्दसाठी बाद. मुदत साधारण एक महिन्याची मानली जायची. या तर्कात मला खास गंमत वाटते. आपल्याकडे मुदतीचा कायदा म्हटलं की जुन्या तक्रारींची धूळ आठवते, इथे मुदत साक्षीदाराच्या मनाचा तपास करते.

अर्ज फेटाळला तर

इथे अर्जदाराचं नुकसान मोठं आहे. कुराणाच्या चोविसाव्या सूऱ्याच्या चौथ्या आयतीत सांगितलं आहे, की सच्चरित्र स्त्रीवर आरोप करून चार साक्षीदार न आणणाऱ्याला ऐंशी फटके द्यावेत आणि पुढे त्याची साक्ष कधी मानू नये. म्हणजे तिघेच आले, तर तिघांनाही ऐंशी ऐंशी फटके. चौघे आले आणि निकालाआधी एकाने साक्ष मागे घेतली, तर चौघांनाही. शिक्षा होऊन गेल्यावर एकाने साक्ष फिरवली, तर फटके त्या एकट्याला, शिवाय मेलेल्याच्या रक्तपैशाचा चौथा हिस्साही त्याच्या माथी.

हे नुसतं पुस्तकात राहिलं नाही, त्याची सर्वांत गाजलेली घटना दुसरे खलिफा उमर यांच्या काळातली. हिजरी १७ च्या सुमारास (इ.स. ६३८) बसऱ्याचा सुभेदार मुगीरा बिन शुअबा याच्यावर आरोप झाला. समोरच्या घरात राहणारा अबू बक्रा आणि त्याच्यासोबतचे तिघे यांनी वाऱ्याने उघडलेल्या खिडकीतून काय पाहिलं, हे मदीनेला कळवलं. उमरनी सुभेदाराला बोलावून घेतलं आणि त्याच्या जागी अबू मूसा अशअरीला पाठवलं. मदीनेत सुनावणी झाली. अबू बक्रा, नाफे आणि शिब्ल या तिघांनी सुरमेदाणीची उपमा देऊन साक्ष दिली. चौथा होता झियाद. त्याने सांगितलं, की मी अशोभनीय दृश्य पाहिलं, धापा ऐकल्या, पण सुरमेदाणीतल्या सलईसारखं काही पाहिलं नाही.

तेवढ्याने खटला संपला. सुभेदार सुटला आणि तिघांना ऐंशी ऐंशी फटके बसले. अबू बक्रा शेवटपर्यंत म्हणत राहिला, की मी खरंच सांगतो, त्यामुळे त्याची साक्ष पुढेही नाकारली गेली. मुगीरा नंतर कूफ्याचा सुभेदार झाला. खिडकीतून नक्की काय दिसलं होतं, हे आज कुणाला सांगता येणार नाही, पण हा निकाल पाहणाऱ्या बसऱ्याच्या माणसाला काझीकडे जाण्याआधी दहादा विचार करावासा वाटला असेल, हे सांगायला पुरावा लागत नाही.

कबुलीचा मार्ग

साक्षीदारांचा रस्ता असा बंद म्हटल्यावर व्यवहारात आरोपीची कबुलीच उरते. पण तीही सोपी नाही. हनफी नियमाप्रमाणे चार वेगवेगळ्या बैठकांत चार वेळा कबूल व्हावं लागतं आणि काझी दर वेळी पाठवून देतो. या नियमाचा आधार माइझ बिन मालिक या माणसाची कथा. तो स्वतःहून पैगंबरांकडे कबुली द्यायला आला, तेव्हा त्यांनी तोंड फिरवलं, आणि नंतर विचारलं, की तू फक्त चुंबन घेतलं असशील, किंवा हात लावला असशील? माइझ कबुलीवर ठाम राहिला, पण काझीने आरोपीला मागे फिरण्याची वाट सुचवावी, ही प्रथा तिथून पडली.

कबुली केव्हाही मागे घेता येते, अगदी शिक्षा चालू असतानाही, आणि मागे घेतली की हद्द संपते. शाफई आणि मालिकी पंथांत एकदा कबूल झालं तरी पुरतं, मग चारदा कशाला, असं ते विचारतात. हनफींचा हिशेब असा, की चार साक्षीदारांऐवजी चार कबुल्या.

त्याशिवाय शंकेची दारं सगळीकडे उघडी आहेत. ‘शंका असेल तर हद्द टाळा’ हे वचन फकीहांनी, म्हणजे फिक्हच्या पंडितांनी, अक्षरशः वापरलं. समजा, एका माणसाने चारदा कबूल केलं, की मी अमुक स्त्रीशी व्यभिचार केला, आणि ती म्हणाली, की याने माझ्याशी निकाह केला होता. आता त्याची हद्द गेली आणि तिचीही, आणि वर त्याला मेहर द्यावा लागतो. तिचं म्हणणं खरं ठरायला हवं असं नाही, ते खरं असण्याची शक्यता पुरते. शिक्षेच्या वेळीही हेच. दगड मारायचे असतील तर पहिला दगड साक्षीदारांनी मारायचा, आणि त्यांनी हात मागे घेतला तर शिक्षा रद्द.

चोरीतही हीच रीत आहे. मालाची किंमत निदान दहा दिरहम हवी, माल कुलपाच्या किंवा राखणीच्या जागेतून गेलेला हवा. नातेवाइकाच्या घरातून, नवऱ्याच्या किंवा बायकोच्या मालातून, किंवा पाहुणा म्हणून गेल्यावर केलेल्या चोरीला हात तुटत नाही. फळं, मांस, दूध यांनाही नाही, कारण ते नासतं. चोराने नुसतं ‘माल माझाच आहे’ म्हटलं तरी हद्द अडते. एक चोर भिंतीआड शिरून माल बाहेर उभ्या असलेल्या दुसऱ्याच्या हातात देतो, तर हनफी पंथ ज्याच्या नावाने ओळखला जातो त्या अबू हनीफाच्या मते दोघांचेही हात शाबूत, कारण एकाने माल बाहेर नेला नाही आणि दुसरा आत शिरलाच नाही.

मग गुन्हेगार मोकळे सुटायचे का

नाही. हद्द टळली म्हणजे खटला संपला असं होत नसे. माल परत द्यावाच लागे, आणि काझी त्याच्या अखत्यारीतली शिक्षा, म्हणजे ताझीर, देऊ शकायचा: फटके (अबू हनीफाच्या मते जास्तीत जास्त एकोणचाळीस), कैद, जाहीर निंदा. ताझीरला हद्दएवढा पुरावा लागत नव्हता. शिवाय सुलतानाचा कोतवाल आणि त्याचा कायदा वेगळाच. उस्मानी कानूननाम्यांत व्यभिचाराला दंड आहे, आणि तो आरोपीच्या ऐपतीप्रमाणे ठरवलेला आहे. दगडांनी ठेचून मारण्याची एक प्रसिद्ध घटना इस्तंबूलमध्ये १६८० साली घडली. तेव्हाच्या बखरकारांनी ती आवर्जून टिपली, कारण असं त्यांच्या माहितीत घडलंच नव्हतं.

याच व्यवस्थेवर बंगालमध्ये ईस्ट इंडिया कंपनीने टीका केली, आणि ती क्रूर आहे एवढीच नव्हती. ती फार सौम्य आहे, दरोडेखोर सुटतात, असंही कॉर्नवॉलिसचे अधिकारी म्हणायचे. १७९१ मध्ये त्यांनी हात तोडण्याऐवजी सात वर्षांची कैद आणली. मुंबई इलाख्यात १८२७ च्या एल्फिन्स्टन संहितेने फौजदारी कायदा नव्यानेच लिहिला.

आजच्या काळात हा नियम कसा उलटू शकतो, ते पाकिस्तानात दिसलं. १९७९ च्या हुदूद अध्यादेशांनी चार साक्षीदारांची अट हद्दला ठेवली आणि त्याखाली ताझीरची शिक्षा कमी पुराव्यावर उपलब्ध केली. बलात्काराची तक्रार करणारी स्त्री आरोप सिद्ध करू शकली नाही, तर तिची तक्रार किंवा तिचं गर्भारपण हीच तिच्याविरुद्धची कबुली समजण्याची पाळी आली. अभिजात हनफी ग्रंथांत गर्भारपण पुरावा नाही. ते पुरावा मानणारा पंथ मालिकी. पाकिस्तानच्या संसदेने २००६ च्या महिला संरक्षण कायद्याने बलात्काराचा गुन्हा हुदूदमधून काढून पुन्हा दंड संहितेत नेला.